मिटणारा दिवस आणि न मिटणारे काम

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या भांडारात मी दिवसभर मालाची आवक-जावक नोंदवतो, आणि तरीही संध्याकाळी घरी येऊन पडद्यावरील दुकानात पुन्हा खोकी उचलतो, याचे माझ्या पत्नीला प्रारंभी नवल वाटे. कारण एवढेच, की भांडारातील काम कधीच संपत नाही. खेळातील दिवस मात्र रात्री जमाखर्च मांडून मिटतो. स्वयंपाक आणि दुकानदारी यांवरील खेळांची पारख करताना मी हाच निकष लावतो.

फ्लिपलाइन स्टुडिओजच्या २००७ सालच्या ‘पापाज पिझेरिया’त या वर्गाचे रूप फार स्वच्छ दिसते. मागणीची चिठ्ठी घ्यायची, ती दोरीवर अडकवायची, पदार्थ सजवायचा, भट्टीत घालायचा आणि कापायचा. प्रत्येक पायरीचे गुण निराळे मिळत असल्याने चूक कोठे झाली हे लगेच कळते. भट्टीवर लक्ष ठेवून त्या अवधीत दुसरी चिठ्ठी घेणे, हीच त्यातली खरी विद्या.

नोक्टा गेम्सच्या २०२४ च्या ‘सुपरमार्केट सिम्युलेटर’मध्ये हीच शिस्त किराणा दुकानात येते. संगणकावरून माल मागवावा, खोकी फोडून फळ्या भराव्यात, भावपट्टी लावावी, गल्ल्यावर रोख घेऊन सुटे मोजून परत द्यावेत. येथे नवख्याची फसगत भावपट्टीपाशी होते. समजा, पावाची खरेदी महागली आणि आपण जुनीच पट्टी ठेवली, तर फळ्या रिकाम्या होत राहतात, गिऱ्हाईक संतुष्ट असते, आणि रात्रीच्या ताळेबंदात मात्र नफा आटलेला दिसतो; उलट भाव फार चढवला, तर गिऱ्हाईक महागाईची तक्रार करून वस्तू तशीच सोडून जाते. म्हणून दुकान उघडण्यापूर्वी सकाळी बदललेले भाव पाहून पट्ट्या दुरुस्त करणे, हे मी रोजकीर्द उघडण्याइतकेच आवश्यक मानतो.

या खेळाचा खरा दोष भरभराटीत आहे. गल्ल्याला नोकर, मग फळ्या भरणारा नोकर ठेवला, की हाताला काम उरत नाही. उरते ते केवळ माल मागवणे आणि भाव ठरवणे, म्हणजे साहेबाचे काम, आणि ज्याला फळीवरील डबे सरळ रेषेत लावण्यात समाधान आहे त्याच्यासाठी ते शुष्क होते.

भ्रमणध्वनीवरील खेळांचे दुखणे निराळे आहे. खानावळींसाठी सर्वत्र ख्याती असलेल्या उडुपीतील नाइंटीनाइन गेम्सच्या ‘स्टार शेफ’मध्ये भाजीपाला पिकवण्यापासून पंक्तीपर्यंतचा पसारा मोहक आहे, परंतु पदार्थ शिजण्याची मुदत घड्याळ ठरवते, आणि जेथे काम करण्याऐवजी वाट पाहावी लागते तेथे दिवस मिटतच नाही, नुसता लांबतो.

माझ्या दुकानात अलीकडे गल्ल्यावर नोकर आहे. खोकी अजून मीच फोडतो.