छापण्याआधीची कादंबरी

लेखकाने स्वतः पैसे घालून काढलेली मराठी कादंबरी हल्ली एका ठरलेल्या क्रमाने येते. आधी तिच्यातली वाक्ये रंगीत चौकोनात बसून फेसबुक-इन्स्टाग्रामवर फिरतात. मग 'उद्या संध्याकाळी सात वाजता' अशी वर्दी देऊन मुखपृष्ठ दाखवले जाते. शेवटी प्री-बुकिंगची पोस्ट येते. तिच्यावर मूळ किंमत, सवलतीची किंमत, क्यूआर कोड, व्हॉट्सअ‍ॅप नंबर आणि शेवटची तारीख असते. ही आता एक कलाच झाली आहे, म्हणून तिची समीक्षाही व्हायला हवी. माझे मत आधीच सांगतो. या तिन्हींत प्री-बुकिंग सर्वांत उपयोगी आहे आणि वाक्यांची पोस्ट सर्वांत कमकुवत. पण कष्ट मात्र याच्या उलट क्रमाने घेतले जातात.

जालन्यासारख्या जिल्ह्यात या पोस्टींना मोठे काम आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, भोकरदन अशा गावी पुस्तकाचे दुकान म्हणजे बहुधा शालेय पुस्तके, वह्या आणि स्पर्धा परीक्षांचे गठ्ठे. नवी कादंबरी हातात घेऊन चार पाने चाळावीत अशी जागा सापडणे कठीण. रेखा बैजल यांच्यासारख्या लेखिकेने जालन्यात राहून कादंबऱ्या लिहिल्या. इथे लिहिणारे कमी नाहीत. कमी आहे ते पुस्तक मांडून ठेवणारे फडताळ, आणि लेखकाची पोस्ट त्या फडताळाची जागा घेते. दुकानात वाचक काय करतो? मुखपृष्ठ पाहतो, मागचा मजकूर वाचतो, मग मधलेच एखादे पान उघडून उभ्या उभ्या वाचू लागतो. खरेदी बहुतेकदा या तिसऱ्या पायरीवर ठरते. आपल्या पोस्टी पहिल्या दोन पायऱ्या देतात, तिसरी देत नाहीत.

पूर्वी ही तिसरी पायरी मराठीत भक्कम होती. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः येत, म्हणजे पुस्तक निघण्याआधीच वाचक त्यात गुंतलेला असे. पुढे दिवाळी अंकांनी 'आगामी कादंबरीतील प्रकरण' छापण्याची रीत रुजवली. आगाऊ पैसे घेणेही नवे नाही. ज्ञानकोशकार केतकरांनी एवढा मोठा प्रकल्प उभा केला तो आगाऊ वर्गणीदार मिळवत, गावोगाव फिरून. १९७५च्या सुमारास सुरू झालेल्या ग्रंथालीने वाचकांना सभासद करून घेतले आणि 'बलुतं', 'उपरा' यांसारखी पुस्तके त्यांच्यापर्यंत नेली. 'प्रकाशनपूर्व सवलत' हा शब्द आपल्या आजोबांनाही ठाऊक होता. आजच्या पोस्टींनी टीझर आणि फर्स्ट लूक सिनेमाकडून घेतले. दोन मिनिटांच्या टीझरमध्ये सिनेमाचा प्रकाश, आवाज, चेहरा सगळे असते. कादंबरीचे एक वाक्य उचलले तर तिची लय, निवेदक आणि प्रसंग मागेच राहतात.

म्हणून वाक्यांच्या बहुतेक पोस्टी एकसारख्या दिसतात. 'काही माणसं पावसासारखी असतात, येतात, भिजवतात आणि निघून जातात' या धाटणीचे वाक्य कोणत्याही कादंबरीचे असू शकते, म्हणून ते कोणत्याच कादंबरीचे नसते. हे उदाहरण मी रचलेले आहे, पण वाचकाने अशी शंभर पाहिली असतील. लेखक पोस्टसाठी वाक्य निवडतो तेव्हा त्याला सगळ्यात 'सुंदर' वाक्य हवे असते. सुंदर म्हणजे सुटे निघणारे, आणि सुटे निघणारे वाक्य सुविचार होऊन बसते. आता समजा वाक्य असे आहे: 'आज्यानं बैल इकला त्या रातीपासून आई दावणीकडची खिडकी उघडत नव्हती.' हेही रचलेलेच. पण यात कोण बोलते आहे ते कळते, घर दिसते, आणि पुढे काय झाले हा प्रश्न उभा राहतो. वाक्य मराठवाड्याचे आहे हे सांगावे लागत नाही. निवडीची माझी कसोटी एकच: वाक्याखालचे पुस्तकाचे नाव झाकून पाहावे. तरीही ते त्याच कादंबरीचे वाटले तर ते निवडावे.

एक तांत्रिक अडचणही आहे. पुष्कळ हस्तलिखिते अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेली असतात. तो मजकूर उचलून फेसबुकवर चिकटवला की निरर्थक चिन्हे उमटतात, म्हणून लेखक वाक्याचे चित्र करून टाकतात. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, उतरवून कुणाला पाठवता येत नाही. चित्र बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीची जुळणी नीट चालू नसेल तर 'ऱ्या' तुटतो, वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाते. वाचक ती चूक छपाईच्या दर्जाशी जोडतो, आणि त्यात त्याची चूक नाही. मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून, मुद्रितशोधन करून मगच पोस्टीला हात लावावा.

मुखपृष्ठाबाबत परिस्थिती बरी आहे. दीनानाथ दलालांपासून रविमुकुल, चंद्रमोहन कुलकर्णी यांच्यापर्यंत मराठीत मुखपृष्ठाची मोठी परंपरा आहे. स्वतः पुस्तक काढणारे लेखकही आता चित्रकाराला पैसे देऊ लागले आहेत. पण ही मुखपृष्ठे हातात धरून पाहण्यासाठी केलेली असतात आणि वाचक ती पहिल्यांदा पाहतो फोनवर, अंगठ्याच्या नखाएवढी. बारीक रेषेचे सुलेखन तिथे विरघळते. चित्रकाराकडून अंतिम चित्र घेण्याआधी ते फोनवर घेऊन, न उघडता गॅलरीच्या यादीत पाहावे. नाव वाचता आले नाही तर अक्षर बदलायला हवे. आणखी एक, पाने पक्की होण्याआधी फक्त दर्शनी बाजू दाखवावी. पुस्तकाच्या कण्याची जाडी पानांवर ठरते. ७० जीएसएम कागदावर २४० पानांचा कणा साधारण १३ मिलिमीटर होतो. शेवटच्या शोधनात २० पाने वाढली की पूर्ण वेष्टण पुन्हा मांडावे लागते.

आता प्री-बुकिंग. इथे हिशेब करूनच बोलले पाहिजे. समजा कादंबरी डेमी आकाराची, २४० पानांची आहे. ५०० प्रती काढायच्या आहेत. छपाई-बांधणी प्रतीला ११० रुपये धरू, म्हणजे ५५ हजार. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे २५ हजार. एकूण ८० हजार. किंमत ३५० आणि प्री-बुकिंगला टपालासह २८०. अशा पुस्तकाचे वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते आणि पुठ्ठा-वेष्टण घातले की ३०० ओलांडते. हे ३०० महत्त्वाचे आहेत. टपाल खात्याने डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टची जुनी स्वस्त सेवा बंद केली आणि १ मे २०२५पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केली. तिथे ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५०० पर्यंत २५, शिवाय कर. म्हणजे आपल्या पुस्तकाला साधारण ३० रुपये. वेष्टणाचे १५ धरले की २८० पैकी २३५ हाती राहतात. ८० हजार वसूल व्हायला सुमारे ३४० आगाऊ मागण्या लागतात. हेच पुस्तक वितरकाला निम्म्या किमतीत दिले तर प्रतीला १७५ येतात आणि सुमारे ४६० प्रती विकाव्या लागतात. एवढा फरक असताना वाचकाकडे थेट जाण्याचे कष्ट घेतलेच पाहिजेत.

पण ३४० हा आकडा सोपा नाही, आणि चूक इथेच होते. मुखपृष्ठाला दोन हजार पसंत्या आल्या म्हणून लेखक एक हजार प्रती छापून घेतो. पसंती फुकट असते, मागणीला पैसे लागतात. प्री-बुकिंगची नोंदवही लिहिताना प्रत्येक नावापुढे एक खूण करावी: हा माणूस मला ओळखतो की नाही. मित्र, नातेवाईक, सहकारी हे पहिल्या तीन-चार दिवसांत पैसे पाठवतात आणि संपतात. नंतर अनोळखी नावे येऊ लागली तर पुस्तक स्वतःच्या पायावर चालले आहे. आली नाहीत तर १५० मागण्यांचे सुमारे ३५ हजारच हाती येतात. अशा वेळी ५०० प्रतींचा हट्ट सोडून डिजिटल छपाईवर २०० काढाव्यात. प्रतीमागे खर्च जास्त पडतो, पण गठ्ठे घरात पडून राहत नाहीत. म्हणून छपाईचा आकडा प्री-बुकिंगची मुदत संपल्यावरच ठरवावा.

आगाऊ पैसे घेतले की लेखक वाचकाचा देणेकरी होतो. अंतिम प्रूफ तपासून होण्याआधी तारीख जाहीर करू नये. आयएसबीएन भारतात राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो, पण अर्ज आणि मंजुरीत वेळ जातो, तो आधी धरावा. पैसे आल्याचे स्क्रीनशॉटवरून न मानता खात्यात पाहावे. पत्ता पिनकोडसह, गावाबरोबर तालुका लिहून घ्यावा. ज्ञान पोस्टने जाणाऱ्या पुस्तकावर प्रकाशकाचे किंवा मुद्रकाचे नाव लागते आणि पाकिटात व्यक्तिगत पत्र किंवा जाहिरात चालत नाही. वाचकाला दोन ओळी लिहायच्या असतील तर त्या पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावरच स्वाक्षरीसह लिहाव्यात. उशीर झाला तर त्याच दिवशी नवी तारीख आणि पैसे परत घेण्याची मुभा कळवावी. इथला एक लेखक असा गप्प राहिला की त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांची पत जाते, कारण आगाऊ पैसे देणारे वाचक तेच असतात.

यशाचे उदाहरण म्हणून आपल्याकडे शेजारच्या बीडचे शरद तांदळे यांचे नाव घेतले जाते. त्यांनी 'रावण: राजा राक्षसांचा' स्वतःच्या न्यू एरा पब्लिशिंग हाऊसतर्फे काढली आणि ती दूरवर पोहोचली. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्यांचा मार्ग जसाच्या तसा उचलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. रावण सगळ्यांना ठाऊक आहे. नाव आणि मुखपृष्ठ पाहताच वाचकाच्या मनात अर्धी गोष्ट उभी राहते. परतूरच्या ऊसतोड कुटुंबावर, जालन्याच्या लोखंड कारखान्यातल्या कामगारावर किंवा मोसंबीची बाग वाळताना पाहणाऱ्या म्हातारीवर लिहिलेल्या कादंबरीला ही सोय नाही. तिची ओळख तिच्या पानांतूनच होणार.

म्हणून स्वतःची कादंबरी काढणाऱ्या लेखकाला माझी विनंती आहे की वाक्यांच्या पोस्टी कमी कराव्यात आणि पहिले प्रकरण पूर्ण, युनिकोडमध्ये, प्री-बुकिंगच्या पोस्टबरोबर द्यावे. फुकट दिले तर पुस्तक कोण घेईल, ही भीती अनाठायी आहे. पंधरा पाने वाचून ज्याला पुढचे नको वाटले तो दोनशे चाळीस पाने विकत घेऊन तुमचा वाचक होणार नव्हता. वाचकांनाही सांगणे आहे. मुखपृष्ठ आवडले तर जरूर कळवा, पण पैसे पाठवण्याआधी लेखकाकडे पहिले प्रकरण मागा.