आजींना काय बाधतं?

पुण्यात स्पॅनिश शिकणाऱ्या एका मुलीनं मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरी, पत्रमैत्रिणीच्या घरच्यांना लिहिलेलं पत्र माझ्यासमोर आहे. मार्चमध्ये ती त्यांच्याकडे राहायला जाणार आहे आणि एक दिवस सगळ्यांसाठी स्वतः रांधणार आहे. त्याआधी घरच्यांच्या आवडीनिवडी तिला विचारायच्या आहेत.

‘तुम्हाला काय आवडतं?’ हे तिनं विचारलंय, पण त्यावर ती विसंबलेली नाही. अशा प्रश्नाला तिकडच्या घरातून बहुधा ‘दे तोदो’, म्हणजे ‘सगळं खातो’, एवढंच उत्तर येतं. पाहुणीला त्रास नको म्हणून दिलेलं हे उत्तर गोड खरं, पण रांधणारीच्या हाती त्यातून काही लागत नाही. म्हणून पुढचं वाक्य मला पत्राचा प्राण वाटतं: ‘आजी, तुम्हाला काही बाधतं का?’ आवडनिवड सांगताना माणूस संकोचतो. बाधणारं मात्र मोकळेपणानं सांगतो. घरच्या सगळ्यांशी ‘उस्तेदेस’नं बोलणारी ही मुलगी इथं एकट्या आजींकडे वळते आणि आदरार्थी ‘उस्तेद’ वापरते. घरात अन्नाबद्दल शेवटचा शब्द कुणाचा, हे तिनं बरोबर ओळखलंय.

स्वतःबद्दल सांगताना ती ‘मी शाकाहारी आहे’ एवढ्यावर थांबत नाही, हेही फार चांगलं. मेक्सिकोत घोटून परतलेल्या घेवड्याला, फ्रिहोलेसना, पुष्कळदा डुकराच्या चरबीची फोडणी असते, आणि टोमॅटोचा लाल भात कोंबडीच्या रश्शात शिजतो. ताटात मांसाचा तुकडा दिसत नाही, त्यामुळे वाढणाऱ्या बाईला ते शाकाहारीच वाटतं. मुलगी दोन्ही पदार्थांची नावं घेते आणि विचारते, ‘घेवडा तेलात परतला तर तुम्हाला बेचव लागेल का? तसं असेल तर परतण्याआधी माझ्यापुरता बाजूला काढाल का?’ स्वतःचं पथ्य सांगताना तिनं त्यांचीही चव विचारली, ही या पत्रातली सर्वांत देखणी जागा.

तिनं शुक्रवार निवडलाय, तोही विचार करून. मार्चमध्ये ईस्टरआधीचा ‘क्वारेस्मा’ चालू असतो आणि कॅथलिक घरांत त्या काळातल्या शुक्रवारी मांस शिजत नाही. मासे, कोळंबी मात्र चालतात. म्हणजे आमटी-भाताच्या जेवणात मांस नाही याची त्या दिवशी कुणाला चुटपूट लागणार नाही. आणि एरवी त्यांच्या बिनमांसाच्या ताटात सुकी कोळंबी निघू शकते, हेही तिनं ध्यानात ठेवायला हवं.

एकच जागा मला कच्ची वाटते. तिनं रात्रीचं जेवण, ‘सेना’, लिहिलंय. तिकडचं मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या पुढं असतं. रात्री अनेक घरांत गोड पाव आणि कॉफी किंवा चॉकलेट एवढंच होतं. वरण, भात, भाजी, कोशिंबीर रात्री नऊला मांडली, तर आजी भिडेखातर दोन घास खातील आणि मुलीला वाटेल, आपलं जेवण रुचलं नाही. पत्र टाकण्याआधी ‘सेना’ खोडून ‘कोमिदा’ लिहावं.