पात्र यादीतल्या चिठ्ठ्या

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी आत्महत्यांवरचा प्रबंध हाती आला, की मी निष्कर्षांआधी नमुना-निवडीचे पान उघडतो. सरपंच नेईल ती घरे घेतली असतील, तर सडकेलगतची, बोलती घरेच येतात. सातपुड्याच्या पायथ्याचे संग्रामपूरकडील गाव राहून जाते. हा दोष उघड असतो, संशोधकही तो कबूल करतात.

संभाव्यता-नमुन्याबाबत मात्र सारे निर्धास्त. समजा, यादीत ३०० नावे आहेत. १ ते १० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा आणि तिथून दर दहावे नाव घ्यायचे. संधी सर्वांना समान, पण यादीतल्यांनाच! ती यादी जर शासकीय मदतीस 'पात्र' ठरलेल्यांची असेल, तर कुटुंबाच्या नावे शेती, नापिकी, थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांची गाळणी आधीच लागलेली असते. मग 'सर्व कुटुंबे कर्जबाजारी होती' हा निष्कर्ष संशोधनाचा की शासन निर्णयाचा? भूमिहीन बटाईदार तर त्यात नसतोच. तीसऐवजी नव्वद नावे घेतल्याने योगायोगाची चूक घटेल, गाळणी तशीच राहील.

म्हणून अपात्र प्रकरणांतूनही चिठ्ठ्या काढून दोन्ही गट ताडून पाहावेत. निवडलेले घर स्थलांतरामुळे बंद असेल, तर शेजारचे घेऊ नये, पुन्हा जावे. जे मृत्यू प्रकरण म्हणून तहसिलीत पोचलेच नाहीत, त्यांच्यासाठी गावची मृत्यूनोंद पाहावी लागेल.