वळणावरच्या पाण्याचा कोन

रेवदंड्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून साळावहून मुरूडकडे निघालं की रस्ता कधी समुद्राला खेटून जातो, कधी डोंगराच्या सोंडेला वळसा घालतो. लहानपणी त्या एसटीत मी अर्धी भरलेली पाण्याची बाटली मांडीवर उभी धरून बसायचो. वळण आलं की पाणी बाहेरच्या बाजूला चढायचं, रस्ता सरळ झाला की पुन्हा खाली यायचं. पुढे कॉलेजात फळ्यावर tan θ = v²/(rg) पाहिलं, तेव्हा ती बाटलीच आठवली. या सूत्राचा सगळा रस मला अजूनही त्या पाण्यातच सापडतो.

सपाट रस्त्यावर गाडी r त्रिज्येच्या वळणावरून v वेगाने जाते, तेव्हा तिला सतत वळणाच्या केंद्राकडे वळवत राहावं लागतं. त्यासाठी लागणारं त्वरण v²/r, आणि ते आडवं. खाली खेचणारं g उभं. बाटलीतल्या पाण्याला या दोन्हींशी एकदम जमवून घ्यायचं असतं, म्हणून त्याचा पृष्ठभाग कलतो. किती? आडवं भागिले उभं, म्हणजे v²/r भागिले g. पाण्याने आपसूक घेतलेला हा कोन रस्त्याला आधीच देऊन ठेवायचा, याचंच नाव बँकिंग.

आता रस्त्याच्या बाजूने तेच वाचू. बाहेरची कड θ कोनाने उचलली आहे आणि घर्षण मुळीच नाही असं धरू. मग गाडीला रस्त्याचा आधार मिळतो तो पृष्ठभागाला काटकोनात, N एवढा. गाडी वर उडत नाही, खाली बुडत नाही, म्हणून N cos θ = mg. आडवा भाग वळवण्याचं काम करतो, म्हणून N sin θ = mv²/r. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की N जातो आणि m सुद्धा जातो. वस्तुमान गळून पडतं ही या सूत्रातली मला सर्वांत देखणी जागा वाटते. मासळीने भरलेला टेम्पो असो की एकट्या माणसाची स्कूटर, वेग तोच तर कोनही तोच. तसं नसतं तर एकच रस्ता सगळ्यांसाठी बांधताच आला नसता.

इथे एक चूक हमखास होते. उतारावरून घसरणाऱ्या ठोकळ्याची सवय असलेला विद्यार्थी N = mg cos θ लिहून मोकळा होतो. पण ठोकळ्याचं त्वरण उताराच्या दिशेत असतं, गाडीचं मात्र आडवं, केंद्राकडे. म्हणून इथे N वजनापेक्षा जास्त निघतो, mg/cos θ इतका. वळण घेताना आसनावर किंचित अधिक दाबलं गेल्यासारखं वाटतं, ते याचमुळे.

मग रस्ते खरंच इतके कललेले असतात का? त्या बाजूच्या एखाद्या अवघड वळणाची त्रिज्या ६० मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरू. सेकंदाला ११.१ मीटर, त्याचा वर्ग साधारण १२३. rg म्हणजे ६० गुणिले ९.८, ५८८. भागाकार ०.२१, कोन जवळजवळ १२ अंश. सात मीटर रुंदीच्या रस्त्याची बाहेरची कड आतल्यापेक्षा सुमारे दीड मीटर उंच! असा रस्ता कोणी बांधणार नाही. उंच पेंढा रचलेली बैलगाडी त्यावरून सावकाश जाताना आत कलंडू शकेल. म्हणूनच इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात सपाट आणि चढउताराच्या मुलखात हा उतार ७ टक्क्यांवर थांबतो, म्हणजे आपल्या वळणावर कड ४९ सेंटिमीटरच उचलायची. उरलेले ०.१४ टायरच्या घर्षणाने द्यायचे. त्याची हिशेबातली मर्यादा ०.१५, म्हणजे जेमतेम भागतं.

तेच वळण ताशी ६० ने घेतलं तर गरज ०.४७ वर जाते. वेग दीडपट, गरज सव्वादोनपट. वर्गाचा हा परिणाम. उताराचे ०.०७ वजा केले तरी घर्षणाकडे ०.४० मागावे लागतात. आषाढात चिखल वाहून आलेल्या डांबरावर ते मिळतीलच असं नाही.

सरळ रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. हाच आकार वळणावर तसाच राहिला, तर बाहेरच्या बाजूची गाडी उलट्या उतारावर येते, आणि सूत्रात उतार वजा होऊन बसतो. म्हणून वळणापूर्वी बाहेरचा अर्धा भाग हळूहळू उचलून आधी समतल आणि मग आतल्या उतारात आणावा लागतो. मधल्या त्या समतल टप्प्यावर पावसाचं पाणी रेंगाळतं. डबकं दिसलं की समजावं, कलणं इथून सुरू झालं.

आणि फक्त ७ टक्के उताराला पुरेल असा वेग काढला, तर ०.०७ गुणिले ५८८ चं वर्गमूळ ६.४, म्हणजे ताशी २३ किलोमीटर. त्याहून हळू गेलं तर बाटलीतलं पाणी आतल्या बाजूला चढेल, जोरात गेलं तर बाहेरच्या. नेमकं २३ ला मात्र बाहेर क्षितिज कललेलं दिसत असेल, आणि मांडीवरच्या बाटलीत पाणी एसटीच्या तळाशी समांतर, जागचं न हलता.