घटोत्कचाची मांडी आणि भोसरीची सळई

जे. बी. एस. हाल्डेन यांचा ‘ऑन बीइंग द राइट साइझ’ हा १९२६ सालचा लेख अवघ्या काही पानांचा आहे. प्राण्याचा आकार बदलला की त्याच्या शरीराची घडणही बदलावी लागते, हे त्याचं सूत्र. त्यातला सगळ्यात देखणा भाग म्हणजे सुरुवातीचे राक्षस. ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’च्या सचित्र प्रतीत इंग्रज मुलांनी पाहिलेले साठ फुटी राक्षस हाल्डेन उभे करतात आणि त्यांना गणिताला बसवतात. उंची, रुंदी, जाडी सगळंच दहापट, म्हणजे वजन हजारपट. हाडाची ताकद मात्र त्याच्या आडव्या छेदावर ठरते आणि तो वाढतो शंभरपटच. मग हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार येतो. माणसाच्या मांडीचं हाड सुमारे तेवढ्याच भाराखाली मोडतं. पाऊल टाकताच राक्षसाची मांडी मोडणार!

हा उतारा मराठीत आणताना पहिल्यांदा सुचतो तो कुंभकर्ण. पण आपल्या बोलण्यात तो झोपेशी जोडला गेला आहे, वाचकाचं मन आकाराकडे जाण्याआधी घोरण्याकडे जातं. घटोत्कच इथे चपखल बसतो. महाभारतात तो मरताना आपला देह वाढवतो आणि कौरवसेनेवर कोसळतो. त्याच प्रमाणात फुगलेलं तेच शरीर, ही हाल्डेन यांच्या गणिताची मुख्य अट तो आपसूक पाळतो.

तरीही हजारपट आणि शंभरपट यांतला फरक नुसत्या राक्षसाने हाताला लागत नाही. भोसरी-चाकणच्या वाचकासाठी इथे एक वाक्य वाढवावं. १० मिलिमीटर व्यासाची, १०० मिलिमीटर लांबीची पोलादी सळई साधारण ६२ ग्रॅम भरते. ड्रॉइंगमधली दोन्ही मापं दहापट केली, तर तीच सळई ६२ किलोची होते. छेद मात्र साडेअठ्ठ्याहत्तर चौरस मिलिमीटरवरून ७,८५० वर, म्हणजे शंभरपटच जातो. शॉपफ्लोअरवर काम करणाऱ्याला हे वजन उचलून पाहायची गरज नाही, त्याचा हात ते जाणतो.

मात्र सळईने राक्षसाची जागा घेऊ नये. सळई उभी केली, तर तळावरचा दाब दहापट होतो खरा, पण पोलादाच्या ताकदीपुढे तो नगण्यच असतो. ती काही मोडत नाही. मोडतं ते हाड, कारण त्याच्याकडे राखीव ताकद थोडी. सळई प्रमाण दाखवते, परिणाम दाखवत नाही. परिणामासाठी घटोत्कचच हवा.

म्हणून अनुवादकाने उपमा निवडताना ती ओळखीची आहे का, एवढंच पाहू नये. मूळ युक्तिवादाची अट ती पाळते का आणि तिचं साम्य कुठे संपतं, हे आधी तपासावं. हाल्डेन यांचे राक्षस या कसोटीला उतरतात, म्हणूनच तो लेख शंभर वर्षं टिकला.