त्याचा म्हणजे कोणाचा? मराठी गद्यातले सांधे

मराठीत एक वाक्य दुसऱ्याला मुख्यतः तीन गोष्टींनी बांधलेले असते: सर्वनाम, वगळलेला कर्ता आणि शब्दाला चिकटणारी ‘च’, ‘ही’, ‘तर’, ‘मात्र’ यांसारखी अव्यये. उभयान्वयी अव्ययांचा क्रमांक त्यानंतर लागतो. शालेय व्याकरणात मात्र नेमकी ही शेवटचीच पायरी शिकवली जाते. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक अशी त्यांची यादी पाठ होते आणि पूर्णविरामाच्या पलीकडे काय घडते याची चर्चा होतच नाही. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’ने (1911) सर्वनामांचे बारकाईने वर्गीकरण केले, पण त्या परंपरेचा मुख्य विषय शब्द आणि वाक्य हाच राहिला. वाक्याबाहेरच्या बांधणीचा स्वतंत्र अभ्यास इंग्रजीसाठी हॅलिडे आणि हसन यांनी 1976 मध्ये मांडला. त्यांची चौकट मराठीला जशीच्या तशी बसत नाही, कारण मराठी सर्वनाम लिंग दाखवते, क्रियापदही बहुधा लिंग दाखवते, आणि तरीही ऐन गरजेच्या जागी ही खूण पुसली जाते.

ती कुठे पुसली जाते, हे आधी पाहायला हवे. ‘तो’, ‘ती’, ‘ते’ ही रूपे स्पष्ट आहेत. द्राक्षबागेबद्दल लिहिताना ‘तो’ म्हटले की घड किंवा डोळा, ‘ती’ म्हटले की काडी, ‘ते’ म्हटले की पान, एवढी निवड वाचक आपोआप करतो. विभक्तीचा प्रत्यय लागला की मात्र ‘तो’ आणि ‘ते’ दोघेही ‘त्याला’, ‘त्याचा’ होतात, आणि अनेकवचनात तर तिन्ही लिंगे ‘त्यांना’, ‘त्यांचा’ या एकाच रूपात मिसळतात. त्यातच आदरार्थी अनेकवचनाची भर पडते. ‘त्यांचे’ म्हणजे एका मान्यवर व्यक्तीचे, दोघींचे की दहा काड्यांचे, हे रूप सांगत नाही. शिवाय ‘त्याचा’, ‘त्याची’, ‘त्याचे’ यांतला शेवटचा स्वर मालकाचे लिंग दाखवत नाही, मालकीच्या वस्तूचे दाखवतो. मराठी गद्यातला सर्वाधिक गोंधळ याच प्रत्ययान्त रूपांभोवती होतो. ‘तो’, ‘ती’ यांच्याभोवती तो क्वचितच दिसतो.

‘सरपंचांनी तहसीलदारांना त्यांच्या कार्यालयात भेटून त्यांचे निवेदन दिले’ हे वाक्य बातमीत सहज खपून जाते, कारण कार्यालय तहसीलदारांचे आणि निवेदन सरपंचांचे असणार, हे वाचकाला व्यवहारज्ञानाने कळते. भाषा ते सांगत नाही. दोन संस्थांच्या वादाची बातमी असेल, तर तिथे व्यवहारज्ञानही कामाला येत नाही. मराठीकडे यावर एक नेमके साधन आहे, ते म्हणजे ‘आपला’. ‘सरपंचांनी तहसीलदारांना आपल्या कार्यालयात बोलावले’ यातले कार्यालय सरपंचांचेच, कारण ‘आपला’ सहसा त्याच वाक्यातल्या कर्त्याकडे वळतो. त्याची मर्यादाही लक्षात ठेवावी लागते. ‘आपल्या जिल्ह्यात’ म्हटले की लेखक आणि वाचक दोघेही त्यात येतात, म्हणून एकाच परिच्छेदात दोन्ही अर्थांचे ‘आपला’ आले, तर पुन्हा घोटाळा ठरलेला.

‘हा’ आणि ‘तो’ यांतला फरक त्याहून सूक्ष्म आहे आणि अनुवादित मराठीत झपाट्याने पुसला जातो आहे. ‘हा’ नुकत्याच सांगितलेल्या, अजून हातात असलेल्या गोष्टीला धरतो. ‘तो’ आधी येऊन गेलेल्या किंवा पुढे ‘जो’ने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीकडे बोट करतो. ‘यामुळे’ आणि ‘त्यामुळे’ यांतही हेच अंतर ऐकू येते, पण आज जवळपास सगळीकडे ‘त्यामुळे’च लिहिले जाते. नुसत्या ‘यामुळे’चीही अडचण आहे: मागे तीन वाक्ये असतील, तर ‘हे’ म्हणजे त्यांतले कोणते? इथे सर्वनामापुढे एक नाम ठेवले की काम होते. ‘ही घट’, ‘ही दिरंगाई’, ‘हा आग्रह’ असे म्हणताना लेखक मागच्या मजकुराला नाव देतो, आणि ते नाव देतानाच त्याबद्दलचे आपले मतही नोंदवतो. धरणातून पाणी सोडायला उशीर झाला, एवढे सांगून पुढचे वाक्य ‘या दिरंगाईने’ असे सुरू झाले, तर सांधा आणि निवाडा एकाच शब्दात होतात. म्हणूनच हे नाम जपून निवडावे लागते.

वगळलेला कर्ता ही मराठीची सर्वांत सफाईदार जोडणी. ‘गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. नाशिक ओलांडून पूर्वेकडे वळते आणि पुढे मराठवाड्यात शिरते.’ दुसऱ्या वाक्यात ‘ती’ लिहिली असती तरी चालले असते, पण गरज नव्हती. वगळायचे केव्हा, याचा उलगडा करणारा एक सिद्धान्त बार्बरा ग्रोझ, अरविंद जोशी आणि स्कॉट वाइनस्टाइन यांनी 1995 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले जोशी पुण्यात जन्मलेले. साध्या शब्दांत त्यांचे म्हणणे असे: प्रत्येक वाक्य पुढच्या वाक्यासाठी काही गोष्टी समोर ठेवते, त्यांतली एक सर्वांत ठळक असते; पुढच्या वाक्यात सर्वनाम एकच येणार असेल, तर ते त्या मध्यवर्ती गोष्टीलाच मिळावे. ती बाजूला ठेवून दुय्यम गोष्टीला सर्वनाम दिले की वाचक अडखळतो. मराठीत या नियमाची एक पुढची पायरी दिसते. ठळक गोष्ट वगळता येते, दुसरीला सर्वनाम मिळते, आणि विषय बदलला की पूर्ण नाम परत आणावे लागते. परिच्छेद बदलताना तर ते जवळजवळ नेहमीच आणावे लागते, कारण नव्या परिच्छेदापाशी वाचकाची पकड सैल होते.

‘-ऊन’ लावलेल्या धातुसाधितांमागेही हाच वगळलेला कर्ता असतो. ‘दर वाढण्याची वाट पाहून कांदा चाळीतच सडला’ या वाक्यात वाट कांद्याने पाहिलेली दिसते. ‘पाऊस पडून रस्ते बंद झाले’ अशी कारण सांगणारी वाक्ये मराठीला चालतात, पण माणसाने मुद्दाम केलेली क्रिया ‘-ऊन’मध्ये आली की मुख्य वाक्याचा कर्ता तोच माणूस असावा लागतो.

हे सगळे एकत्र कसे बिघडते, ते या लेखासाठी रचलेल्या एका उताऱ्यात पाहता येईल. मजकूर खरा, बांधणी नेहमी आढळणारी:

‘नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये पहिली छाटणी केली जाते. त्यामुळे वेलीवर नव्या काड्या फुटतात. तसेच त्यांच्या डोळ्यांत घड तयार होतात. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दुसरी छाटणी केली जाते. त्यामुळे ते त्यातून बाहेर पडतात. परंतु पाऊस पडल्यास त्यांच्यावर रोग येऊन त्याचा परिणाम त्यांच्यावर होतो. म्हणून ते त्याची काळजी घेतात.’

आठ वाक्यांपैकी सहांच्या तोंडाशी जोडशब्द आहे आणि तरीही मजकूर सुटा वाटतो. ‘त्यातून’ एकवचनी, पण मागे ‘डोळे’ अनेकवचनी. सातव्या वाक्यातला पहिला ‘त्यांच्यावर’ काड्यांवर की घडांवर, आणि दुसरा कोणावर? शेवटच्या वाक्यातले ‘ते’ म्हणजे शेतकरी असावेत, पण शेतकरी उताऱ्यात कुठेच आलेले नाहीत. तोवर ‘ते’ म्हणजे घड होते. ‘तसेच’ तर सरळ चुकीचे आहे, कारण ते दोन समान गोष्टी जोडते, आणि इथे काडी फुटणे व तिच्या डोळ्यात घड घडणे हा एकामागून एक येणारा क्रम आहे. आता तोच मजकूर:

‘नाशिक जिल्ह्यात द्राक्षवेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीत जुन्या काड्या ओलांड्यापर्यंत काढल्या जातात. नव्या काड्या फुटतात, आणि त्या वाढत असतानाच त्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड आकार घेतो. हा घड बाहेर येतो तो ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतरच. याच दिवसांत परतीचा पाऊस आला, तर कोवळ्या फुटीवर डाऊनी येते आणि घड कुजतो. बागायतदार फवारणीचे दिवस म्हणूनच छाटणीच्या तारखेपासून मोजतात.’

वाक्यांच्या तोंडाशी आता एकही जोडशब्द उरला नाही. ‘जुन्या काड्या’नंतर आलेल्या ‘नव्या काड्या’ विरोधानेच जोडल्या गेल्या. ‘हा घड’ने मागच्या वाक्याचे शेवटचे टोक उचलले. ‘याच’मधल्या ‘च’ने वेळ बांधली, आणि ‘म्हणून’ वाक्याच्या तोंडावरून आत सरकले. बागायतदार नावानिशी आले. पुनरुक्ती वाढली आहे: ‘घड’ तीनदा, ‘काड्या’ दोनदा, ‘छाटणी’ चार वेळा. ती खटकत नाही, कारण मराठी कान ‘त्यांच्यावर’च्या पुनरुक्तीपेक्षा नामाची पुनरुक्ती सहज सोसतो.

नामाची पुनरुक्ती टाळण्याचा अट्टहास ही उलट दिशेची चूक. एकाच बातमीत नाशिकचे पुढच्या ओळीत ‘कुंभनगरी’, मग ‘जनस्थान’, मग ‘मंत्रभूमी’ झाले, की स्थानिक वाचकाचे भागते. बाहेरच्या वाचकाला मात्र ही चार गावे वाटू शकतात. पर्यायी नाव तेव्हाच शोभते, जेव्हा ते नवी माहिती देते. मोगल काळाबद्दल लिहिताना ‘गुलशनाबाद’ म्हणणे सार्थ, पाणीकपातीच्या बातमीत निव्वळ सजावट.

जोडशब्दांचा अतिरेक बव्हंशी इंग्रजी लेखनाच्या वळणाने आला आहे. ‘तथापि’, ‘याव्यतिरिक्त’, ‘दुसरीकडे’, ‘शिवाय’ परिच्छेदाच्या पहिल्या जागी बसतात, कारण मूळ इंग्रजीत ते तिथे बसलेले असतात. मराठीची स्वाभाविक जागा बहुधा पहिल्या पदानंतरची आहे: ‘कांद्याचे मात्र वेगळे’, ‘द्राक्ष तर त्याहून नाजूक’. इथे विरोध ज्या शब्दावर पडायचा त्यालाच चिकटतो. ‘परंतु कांद्याचे वेगळे आहे’ म्हटल्यावर तो साऱ्या वाक्यावर पसरतो. जोडशब्द गरजेचा आहे का, हे तो खोडून कळते. खोडल्यावर अर्थ तसाच राहिला, तर तो नकोच होता. अर्थ उलटला, तर तो हवा. आणि खोडल्यावर दोन वाक्यांत काही संबंधच उरला नाही, तर दोष जोडशब्दाचा नव्हता, मधले एखादे वाक्य लिहायचे राहिले होते. प्रत्ययान्त ‘त्या’ला दुसरी कसोटी लागते: त्यावर बोट ठेवून मागे जायचे आणि लिंग-वचनाने जुळणारे पहिले नाम पकडायचे. ते अभिप्रेत नाम नसेल, तर सर्वनाम काढून नाम लिहायचे.

या कसोट्यांची सर्वाधिक गरज ज्या गद्याला आहे, त्याचे एक मोठे केंद्र नाशिकमध्येच आहे. 1989 मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी बराच अभ्यास पुस्तक समोर घेऊन एकट्याने करतो. वर्गात ‘त्याचा म्हणजे कोणाचा, सर?’ असे विचारता येते. स्वयंअध्ययनाच्या पुस्तकाला ते विचारता येत नाही. अशा पुस्तकात घटकाच्या मध्यावर उघडलेले पान वाचले जाते, म्हणून परिच्छेदाच्या सुरुवातीला पूर्ण नाम असणे तिथे शैलीचा प्रश्न राहत नाही, समजण्याचाच प्रश्न होतो.

या साऱ्याच्या अगदी टोकाला खरेदीखताची मराठी आहे. तिथे सर्वनाम शक्यतो टाळले जाते. पहिल्याच पानावर दोन पक्षांना ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ अशी नावे मिळतात, आणि शेवटच्या सहीपर्यंत प्रत्येक वाक्यात तीच नावे जशीच्या तशी येतात. जमीनही दर वेळी ‘सदर मिळकत’च असते. वाचायला हे गद्य जड असते, पण ‘त्याने त्याची मिळकत त्याला दिली’ असे त्यात कुठेही सापडत नाही.