पार्थ, कौंतेय, धनंजय: महाकाव्यातली ठरलेली विशेषणं पुन्हा पुन्हा का येतात?

श्रोतेहो, आपण अंबाजोगाईत बसलो आहोत. मुकुंदराज आणि दासोपंत यांची ही भूमी. दासोपंतांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर ‘गीतार्णव’ रचला आणि त्याच्या ओव्या परंपरा सव्वा लाख सांगते. म्हणजे एका श्लोकामागे सरासरी पावणेदोनशेच्या वर ओव्या. गीतेच्या शब्दाशब्दावर थांबायची सवय आपल्या मातीत अशी जुनी आहे. आजही जिल्ह्यात कुठं सप्ताह बसला की प्रवचनकार अर्जुनाच्या एकेका नावावर थांबतात. इथं ‘कौंतेय’ का म्हटलं? आईची आठवण करून द्यायची होती म्हणून. लगेच पुढं ‘भारत’ का म्हटलं? कुळाची आठवण द्यायची होती म्हणून. श्रोते माना डोलावतात. हा अर्थ खरोखर तिथं असतो की आपण तो घालतो, हे ओळखायला काही कसोटी आहे का, एवढंच आज बघायचं आहे.

मी उदाहरण दिलं ते दुसऱ्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकाचं. थंडी-ऊन, सुख-दुःख येतं आणि जातं, ते सोस, असं तिथं सांगितलंय. पहिल्या चरणाच्या शेवटी ‘कौंतेय’ आहे, चौथ्याच्या शेवटी ‘भारत’. आता छंदाकडे बघू. अनुष्टुभाचा नियम शाळेत पाठ केलेला असतो: चरणात आठ अक्षरं, पाचवं लघु, सहावं गुरू. सातवं मात्र बदलतं. पहिल्या-तिसऱ्या चरणात ते गुरू, दुसऱ्या-चौथ्यात लघु. आठव्याला मोकळीक. नियमाला अपवाद आहेत, ते विशेषतः पहिल्या-तिसऱ्या चरणात. दुसऱ्या-चौथ्या चरणाचा शेवट बराच कडक असतो.

‘कौंतेय’ म्हणून बघा. कौं गुरू, ते गुरू, य लघु. चरणाच्या शेवटी ठेवलं तर सातव्या जागी ‘ते’ येतं, गुरू. म्हणजे शब्द पहिल्या-तिसऱ्या चरणाचा. ‘भारत’ म्हणा. भा गुरू, र लघु. सातव्या जागी लघु आलं, म्हणजे शब्द दुसऱ्या-चौथ्याचा. आता दोघांची अदलाबदल करा. दोन्ही चरण मोडतात. कवीला त्या चरणाच्या शेवटी अर्जुनाला तीन अक्षरांत हाक मारायची असेल, तर कुठलं नाव हे बरंचसं जागेनंच ठरवलेलं आहे. आई आणि कूळ नंतर आले.

बाकीची नावंही अशीच ताडून बघता येतात. ‘महाबाहो’ आणि ‘गुडाकेश’ चार अक्षरांचे. लघु, मग दोन गुरू. पहिल्या-तिसऱ्या चरणाची शेवटची चार घरं त्यांनी नेमकी भरतात. ‘धनंजय’ आणि ‘परंतप’ही चार अक्षरांचे, पण लघु-गुरू-लघु असे, म्हणून ते दुसऱ्या-चौथ्याचे. पाच अक्षरं हवी असतील तर ‘कुरुनंदन’. गंमत अशी की कृष्णाच्या नावांचा संच याच मापांचा आहे. ‘भारत’च्या मापाचा ‘केशव’, ‘कौंतेय’च्या मापाचा ‘वार्ष्णेय’, ‘धनंजय’च्या मापाचा ‘जनार्दन’, ‘गुडाकेश’च्या मापाचा ‘हृषीकेश’, ‘कुरुनंदन’च्या मापाचा ‘मधुसूदन’. बोलणारा कुणीही असो, समोरच्याला हाक मारायला प्रत्येक घरात बसणारं नाव तयार आहे. काही नावं तर सामाईकच आहेत. ‘महाबाहो’ अर्जुनालाही म्हटलंय आणि कृष्णालाही. ‘भारत’ अर्जुनालाही म्हटलंय आणि, संजय बोलत असेल तेव्हा, धृतराष्ट्रालाही.

अठराव्या अध्यायाचा पहिलाच श्लोक घ्या. अर्जुन विचारतो की संन्यास आणि त्याग यांतला फरक मला समजून घ्यायचाय. प्रश्न एवढाच. पण श्लोकाला बत्तीस अक्षरं लागतात. कवी पहिल्या चरणाच्या शेवटी ‘महाबाहो’ ठेवतो, तिसऱ्याच्या शेवटी ‘हृषीकेश’ आणि चौथ्याच्या शेवटी सहा अक्षरांचा ‘केशिनिषूदन’. चार, चार आणि सहा मिळून चौदा. बत्तिसांतली चौदा अक्षरं हाकेला गेली! केशी नावाच्या दैत्याला मारल्याचा संन्यासाशी काय संबंध, असा प्रश्न इथं पाडून घ्यायचं कारण नाही.

पाश्चात्त्य जगात ही गोष्ट पद्धतशीर मांडली ती मिल्मन पॅरी या अमेरिकन अभ्यासकानं. होमरच्या विशेषणांवरचा त्याचा पॅरिसमधला प्रबंध १९२८ सालचा. होमरचा अकिलीस बसलेला असला तरी ‘चपळ पायांचा’ असतो, जहाज किनाऱ्यावर ओढून ठेवलेलं असलं तरी ‘वेगवान’ असतं. पॅरीनं दाखवलं की नाव आणि विशेषण मिळून ओळीतली ठरावीक जागा भरते, आणि एका मापाच्या जागेला एका वीरासाठी बहुधा एकच जोडी असते. याला तो काटकसर म्हणतो. गाता गाता रचणाऱ्याला शब्द शोधत बसायला वेळ नसतो, हे त्यामागचं कारण. पुढं १९३३ ते ३५ या काळात युगोस्लाव्हियातल्या हयात गायकांची गाणी ध्वनिमुद्रित करून त्यानं ते पडताळलं.

मग पॅरीचं उत्तर जसंच्या तसं गीतेला लावून मोकळं व्हायचं का? मला वाटतं, नाही. कारण ती काटकसर इथं सैल आहे. ‘धनंजय’ आणि ‘परंतप’ एकाच मापाचे, दोन्ही वापरात. ‘कुरुनंदन’, ‘भरतर्षभ’, ‘कुरुसत्तम’ हे तिन्ही एकाच मापाचे, तिन्ही अर्जुनाला लावलेले. चौदाव्या अध्यायातले बारावा आणि तेरावा हे श्लोक शेजारी ठेवून बघा. एकात रजोगुण वाढल्यावर काय होतं ते सांगितलंय, दुसऱ्यात तमोगुण वाढल्यावर. दोन्हींच्या उत्तरार्धाचा साचा एकच आहे. गुणाचं नाव बदललं आणि शेवटी एकदा ‘भरतर्षभ’, एकदा ‘कुरुनंदन’ आलं. छंदाला दोन्हीकडे एकच नाव चाललं असतं. कवीनं ते बदललं, म्हणजे निवडायला त्याला जागा होती. छंद घर ठरवतो, पण त्या घरात राहू शकणारे कधी दोन असतात, कधी तीन.

इथं आपल्या न्यायशास्त्राचा एक जुना भेद कामाला येतो. ‘पंकज’ शब्दाचा अवयवार्थ चिखलात जन्मलेलं असा, पण चिखलात जन्मलेल्या बेडकाला आपण पंकज म्हणत नाही. शब्द कमळावर रूढ झाला. अशा शब्दाला योगरूढ म्हणतात: अवयवांचा अर्थही आहे आणि रूढीही आहे. ‘धनंजय’ असाच. धन जिंकणारा हा त्याचा योग, अर्जुन ही त्याची रूढी. नाव शंभरदा कानावर पडलं की रूढी पुढं येते आणि योग मागं झोपून राहतो. पण तो मरत नाही. आजूबाजूचं वाक्य त्याला हात लावील तर तो जागा होतो.

तो जागा झाला हे कशावरून ओळखायचं? दोन गोष्टी तपासा. त्या जागी त्याच मापाचं दुसरं नाव कवीजवळ होतं का? आणि भोवतालच्या वाक्यात त्या नावाच्या अर्थाचा विषय खरोखर चालू आहे का? दुसऱ्या अध्यायाचा तिसरा श्लोक या कसोटीला लावू. अर्जुन धनुष्य टाकून बसलाय. कृष्ण त्याला म्हणतो, हा नेभळटपणा तुला शोभत नाही, मनाची दुबळीक टाक आणि ऊठ. शेवटचा शब्द ‘परंतप’, शत्रूला पोळणारा. तिथं ‘धनंजय’ बसला असता, माप तेच. आणि सगळा श्लोक चाललाय तो योद्ध्याच्या ताकदीबद्दल. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या. इथं ‘परंतप’ हा टोमणाही आहे आणि आठवणही, असं म्हणायला मला संकोच वाटत नाही. हाच ‘परंतप’ दहाव्या अध्यायात, माझ्या विभूतींना अंत नाही असं देव सांगतो तिथं, चाळिसाव्या श्लोकात येतो. तिथं शत्रू नाही, पोळणं नाही. तिथं ती नुसती हाक.

अकराव्या अध्यायात छंद बदलतो तेव्हा काय होतं तेही बघण्यासारखं आहे. विश्वरूप दिसू लागलं की अकरा अक्षरांचा त्रिष्टुभ येतो आणि त्याच्याबरोबर नावं बदलतात. ‘सव्यसाचिन्’ हे संबोधन गीतेत एकदाच येतं, ते इथं. गुरू-लघु-गुरू-गुरू हे त्याचं माप अनुष्टुभाच्या कुठल्याच नियमित चरणान्तात बसत नाही, त्रिष्टुभाच्या शेवटी अगदी बसतं. ‘जगन्निवास’ही याच अध्यायात भेटतो. छंदानं दार उघडलं म्हणून ‘सव्यसाचिन्’ आत आला. पण तू फक्त निमित्त हो, असं सांगताना दोन्ही हातांनी बाण सोडणाऱ्याला त्याच्या कसबाच्या नावानं हाक मारणं, यात अर्थही जागा आहे. जागा आणि अर्थ यांचं वैर नाही, हे इथं चांगलं दिसतं.

आता मराठीकडे या. ज्ञानेश्वरांच्या ओवीला लघु-गुरूचं बंधन नाही, चरणाची अक्षरसंख्याही बांधलेली नाही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा. पॅरीचं कारण एवढंच खरं असतं, तर ओवीत ही नावं गळून पडायला हवी होती. ती गळली नाहीत. उलट वाढली. किरीटी, पंडुसुता, धनुर्धरा, आणि गीतेत अर्जुनाला कुठंच न म्हटलेलं ‘सुभद्रापती’. मूळ श्लोकातलं नाव त्याच जागी आणायचा आग्रहही ज्ञानेश्वर धरत नाहीत. मग नाव काय काम करतं? एक तर यमकाचं. ‘किरीटी’ चरणाच्या शेवटी आला की ‘दृष्टी’, ‘सृष्टी’ जवळ येतात. दुसरं काम श्रोत्याचं. लांबलेला दृष्टान्त संपला, आता मुद्दा येतोय, इकडे बघ, हे त्या हाकेनं कळतं. ऐकणाऱ्याला तेवढा श्वास मिळतो. एका श्लोकावर पावणेदोनशे ओव्या सांगायच्या तर मधे हाक मारावीच लागते.

तेव्हा तेच नाव पुन्हा का येतं, याचं एकच उत्तर नाही. संस्कृत अनुष्टुभात ते आधी घर भरतं, ओवीत आधी कान धरतं, आणि दोन्हीकडे कधीमधी अर्थानं जागं होतं. प्रवचनकारांना माझी विनंती इतकीच, की नावाचा अर्थ सांगण्याआधी बोटांवर अक्षरं मोजा, त्याच मापाचं दुसरं नाव आठवून बघा आणि वाक्य काय म्हणतंय ते पुन्हा वाचा. प्रत्येक नावातून अर्थ काढला, तर जिथं कवीनं खरोखर टोमणा मारलाय तिथं तो आपल्याला ऐकू येणार नाही.